बोया ते बोया ३०० मीटर: वाकड्या पोहण्याचा हिशेब

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार, मिरामार

आज पहिल्यांदा मोजून टाकलेल्या बोयांमध्ये पोहलो. होडीवाल्या काकांनी दोन नारिंगी बोये दिले. प्रत्येकाला पाच मीटर दोरी आणि खाली वाळूची गोणी. एक बोया मिरामारसमोर, दुसरा दक्षिणेला करंझाळेच्या दिशेने, दोन्ही किनाऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. मधलं अंतर ३०० मीटर. अंतर मी स्वतः घेतलं. होडीतून प्रत्येक बोयाजवळ दहा-दहा मिनिटं थांबून जीपीएसची सरासरी काढली. पंचवीस वर्षं सर्व्हेचं काम करतो आहे, तेव्हा ३०० म्हणजे ३००. पाणी तीन-साडेतीन मीटर खोल आहे, त्यामुळे बोया आपल्या गोणीभोवती साडेतीन मीटरभर फिरू शकतो. पण ओढ असेल तिकडे दोन्ही बोये एकदमच सरकतात, म्हणून मधल्या अंतराला फारसा धक्का लागत नाही.

तीन फेऱ्या, म्हणजे १८०० मीटर. वेळ ४० मिनिटं ५० सेकंद. मनगटावरचं घड्याळ म्हणालं, २०४० मीटर.

भाचा किनाऱ्यावर खूश. "मामा, तू २४० मीटर फुकट पोहलास. एवढं नागमोडी?" त्याला पुढच्या वर्षी आयर्नमॅन ७०.३ करायची आहे. ती स्पर्धा गोव्यात याच मिरामारला २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली, आणि तिच्यात पोहणं १.९ किलोमीटर. त्यामुळे वाकडं पोहण्याचा दंड किती, हे त्यालाही हवं आहे. आजपासून वही सुरू.

१९ नोव्हेंबर, मंगळवार, फोंडा

घड्याळाचा आकडा पटत नाही. दोन कारणं.

पहिलं भूमितीचं. सतत रेषेपासून ठरावीक कोनात तिरकं गेलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तर जास्तीचं अंतर फक्त त्या कोनावर ठरतं. किती वेळा वळलो याचा त्याच्याशी संबंध नाही. १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना साडेसहा टक्क्यांच्या आत, ३० अंशांना साडेपंधरा. १८०० चे २०४० व्हायचे तर मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरासरी २८ अंश तिरका असायला हवा. म्हणजे दर २५ मीटरला जवळजवळ बारा मीटर बाजूला. बोर्डवरून सोबत करणाऱ्या भाच्याच्या ते डोळ्यांत आलं असतं.

दुसरं कारण जास्त पक्कं. ४०:५० मध्ये २०४० मीटर म्हणजे १०० मीटरला दोन मिनिटं. तलावात, दर पंचवीस मीटरला भिंतीवर पाय मारून, माझा लांब पल्ल्याचा वेग १०० मीटरला २:०५ आहे. समुद्रात भिंत नाही, वर बोया शोधत मान वर काढायची, आणि तरी मी तलावापेक्षा जलद? खारं पाणी शरीर उचलून धरतं हे खरं, पण एवढं नाही. घड्याळ जास्त अंतर सांगतं आणि त्याबरोबर वेगाची शाबासकीही देतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

जीपीएसचा सिग्नल पाण्यातून जात नाही. मनगट पाण्याबाहेर असतं ते हात पुढे फेकताना, जेमतेम काही क्षण. त्यात सापडलेले बिंदू घड्याळ जोडत बसतं. प्रत्येक बिंदू खऱ्या जागेपासून थोडा इकडेतिकडे, आणि अशा बिंदूंना जोडणारी रेषा बहुधा लांबच भरते, आखूड क्वचितच. शेताच्या बांधावर दर पावलाला खुंटी ठोकून मोजणी केली तर असंच होतं. बांध तोच, लांबी वाढते.

खरं काय ते असं मांडता येतं: १८०० मीटर २:०५ ने म्हणजे ३७:३०. लागले ४०:५०. शोधायचे आहेत २०० सेकंद.

२४ नोव्हेंबर, रविवार, मिरामार

फोंड्याहून यायला सव्वा तास. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं आहे, सकाळी सहालाही बसगाड्यांची रांग. जीवरक्षकांना सांगून साडेसातला पाण्यात.

आज घड्याळ घरी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला बांधायच्या फुग्याच्या वरच्या कप्प्यात. तो सतत पाण्याबाहेर राहतो. आधी फुगा बोयालाच बांधून दहा मिनिटं नुसता सोडला. तेवढ्यात फोनने ९४ मीटर "प्रवास" केला! दर सेकंदाचा बिंदू धरला तर ९४. दर दहाव्या सेकंदाचा धरला तर ३१. म्हणजे बिंदू विरळ केले की खोटं अंतर पटकन उतरतं. चालत्या पोहणाऱ्याला याचा त्रास आणखी कमी होतो, कारण दहा सेकंदांत मी आठ मीटर पुढे जातो आणि बाजूची अर्ध्या मीटरची थरथर त्या आठात जवळपास विरून जाते. फार विरळ करूनही चालणार नाही, नाहीतर खरी वळणंच कापली जातील. माझं एक वळण मिनिटभराचं असतं, तेव्हा दहा सेकंद ठीक.

भाच्याने संध्याकाळी दोन ओळी लिहून दिल्या. `dist` म्हणजे दोन बिंदूंमधलं जमिनीवरचं अंतर, `leg` म्हणजे एका टप्प्याचे सगळे बिंदू.

```python
pts = leg[:-1:10] + leg[-1:]
swum = sum(dist(a, b) for a, b in zip(pts, pts[1:]))
```

दक्षिणेकडे जातानाचे तीन टप्पे ३०७, ३०६, ३०८. उत्तरेकडे परततानाचे ३१६, ३१७, ३१९. एकूण १८७३. खरं वाकडेपण २४० मीटर नव्हे, ७३. माझ्या वेगाने ७३ मीटर म्हणजे ९१ सेकंद.

नकाशावर काढून पाहिलं तेव्हा खरी गंमत कळली. ही नागमोड नाहीच. नागमोडीत माणूस रेषेच्या दोन्ही बाजूंना जातो. माझी रेघ करवतीच्या दात्यांसारखी आहे आणि सगळे दाते माझ्या डाव्या हाताला. जाताना किनाऱ्याच्या बाजूला फुगवटा, येताना समुद्राच्या बाजूला. मान वर काढली की बोयाकडे तोंड करतो, आणि मान खाली घातली की पुन्हा हळूहळू डावीकडे वळत जातो. एकदम नाही, थोडं थोडं, गाडीचं स्टिअरिंग किंचित ओढत असावं तसं.

मी फक्त डावीकडून श्वास घेतो. त्या वेळी पुढे ताणलेला उजवा हात डोक्याच्या रेषेपलीकडे, डाव्या बाजूला जातो. भाच्याने समोरून व्हिडिओ काढला, त्यात स्वच्छ दिसतं. आणि येताना जास्त वाकडं का, तेही त्यातच आहे. जाताना डावीकडे किनारा असतो. श्वास घेता घेता झाडं, इमारती दिसतात आणि नकळत सरळ राहतो. येताना डावीकडे नुसता समुद्र.

२७ नोव्हेंबर, बुधवार, तलाव

दोन गोष्टी मोजायच्या होत्या.

मान वर काढायला किती वेळ जातो: १०० मीटर चार वेळा. दोनदा साधे, दोनदा प्रत्येक लांबीत तीनदा मान वर काढून, म्हणजे शंभरात बारा वेळा. फरक सरासरी ८ सेकंद. एका नजरेला ०.७ सेकंद धरतो. पहिल्या प्रयत्नात दीड सेकंदापर्यंत गेलं होतं, कारण मी आख्खं डोकं बाहेर काढत होतो आणि पाय बुडत होते. फक्त डोळे पाण्यावर येतील एवढंच वर, मगरीसारखं, आणि श्वास नंतर नेहमीप्रमाणे बाजूने.

न बघता किती वळतो: तलावात डोळे मिटून पोहलो तर विसाव्या हाताच्या आतच डाव्या दोरीला खांदा घासतो. पण आकडा समुद्रातला हवा. तो रविवारच्याच नोंदीतून काढला. परतीच्या टप्प्यात साठ हात, म्हणजे सुमारे ५० मीटर, मान न काढता गेलो होतो, तिथे तोंड सुमारे ३० अंश फिरलेलं. मीटरला ०.६ अंश.

१ डिसेंबर, रविवार, मिरामार

वाया. सहाही टप्पे ३११ ते ३१५. जाताना-येताना सारखेच, आणि सगळ्यात सरळ दिसणारा टप्पाही ३११. वाकडेपण असं शिस्तीत येत नाही. दक्षिणेच्या बोयाची गोणी अमावस्येच्या ओढीला सरकली होती, जवळजवळ अकरा मीटर. होडीतून पुन्हा मोजून खात्री केली. नोंदी रद्द. पुढच्या वेळी दोन गोण्या.

३ डिसेंबर, मंगळवार, फेस्ताची सुट्टी

घरी बसून हिशेब. प्रश्न एवढाच: किती अंतराने मान वर काढावी?

दर वेळी बघण्याचा खर्च ठरलेला, ०.७ सेकंद. कमी वेळा बघितलं तर तो वाचतो. पण वळणं साचत जातात, आणि ती सरळ हिशेबाने वाढत नाहीत. दोन नजरांमधलं अंतर दुप्पट केलं की वाकडेपणाचं जादा अंतर चौपट होतं. म्हणून मधे कुठेतरी एक सोयीची जागा असते. दोन नजरांमधलं अंतर L, एका नजरेचा वेळ c, मीटरला लागणारा वेळ t, आणि मीटरमागे वळणं k, अंशांऐवजी रेडियनमध्ये:

```
L³ = 3c / (t · k²)
```

माझे आकडे घालून L जवळजवळ २५ मीटर येतो. माझे तीस हात. आजवर मी साठ हातांनी बघत होतो.

सेकंदांत मांडलं की नीट दिसतं, सगळं १८०० मीटरसाठी. दर ५० मीटरला बघितलं तर नजरांचे २५ सेकंद, वाकडेपणाचे १०३. दर २५ मीटरला नजरांचे ५० आणि वाकडेपणाचे २६. दर साडेबारा मीटरला, म्हणजे घाबरट माणसासारखं सारखं डोकावत, नजरांचेच १०१ आणि वाकडेपणाचे ६. मधला पर्याय स्पष्ट जिंकतो. शिवाय २० मीटर घेतले काय नि ३० घेतले काय, एकूण फरक तीन सेकंदांचा. तेव्हा हात मोजत बसायची गरज नाही, अंदाजे पुरे. ३० मीटरच्या पुढे मात्र खर्च झपाट्याने चढतो.

भाच्याचा आकडा माझ्याहून वेगळा येईल, कारण तो दोन्ही बाजूंनी श्वास घेतो आणि फार वळत नाही. म्हणून "दर दहा हातांनी बघा" असा जो सरसकट उपदेश ऐकू येतो, त्याला अर्थ नाही. आधी आपण किती वळतो ते मोजायचं.

८ डिसेंबर, रविवार, मिरामार

अष्टमीची भांग, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही, पाणी सुस्त. दोन-दोन गोण्या. दर तीस हातांना नजर.

एकूण १८२९ मीटर. जादा अंतर ७३ वरून २९ वर. वेळ ४०:१४.

म्हणजे वाचले ३६ सेकंद. कागदावर तीसेक येत होते, तेव्हा जुळलं म्हणायचं. पण खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलो. घड्याळाच्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर पाच मिनिटं वाचवायची स्वप्नं पाहिली असती. दोनशेतले ८० ते ९० सेकंद भिंत नसण्याचे आणि लाटांचे दिसतात. ते मला वेगळे काढता येत नाहीत आणि कमीही करता येत नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार, मिरामार

काल दत्तजयंती, आज पौर्णिमा, सकाळी भरती जोरात. पोहताना वाटलं, इतकं सुरेख कधीच जमलं नव्हतं. प्रत्येक नजरेला बोया बरोबर नाकासमोर.

वेळ ४२:४०. गेल्या रविवारपेक्षा दोन मिनिटं सव्वीस सेकंद जास्त.

नकाशावर करवतीचे दाते जवळजवळ नाहीत. त्याऐवजी प्रत्येक टप्पा धनुष्यासारखा, मोठा, गुळगुळीत. आणि महत्त्वाचं म्हणजे जाताना फुगवटा किनाऱ्याकडे, येतानाही किनाऱ्याकडेच. माझ्या डाव्या ओढीचा फुगवटा बाजू बदलतो, कारण माझा डावा हात बाजू बदलतो. पाण्याची ओढ बाजू बदलत नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की दोष माझ्या हाताचा की पाण्याचा, ते बघताक्षणी कळतं.

होडीवाल्या काकांनी ओढ मोजायला मदत केली. नांगरलेल्या होडीतून वीस मीटर दोरीला बांधलेला नारळ सोडला. दोरी ताणायला १०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर, समुद्राकडून किनाऱ्याकडे, माझ्या रेषेला जवळपास काटकोनात. माझा वेग सेकंदाला ०.८.

भरतीचं पाणी मला बाजूला नेतं, मी बोयाकडे तोंड वळवतो, ते पुन्हा नेतं, मी पुन्हा वळवतो. शेवटी शेवटी मी ओढीच्या उलट दिशेने पोहत बोयाकडे परत चढतो. हिशेबाने ३०० मीटरचा टप्पा ३७५ सेकंदांऐवजी ४०० सेकंदांचा होतो, आणि फुगवटा सर्वांत मोठा म्हणजे २८ मीटर, वाटेच्या दोन-तृतीयांशाच्या जरा आधी. फोनच्या नोंदीत सहा फुगवटे २४ ते ३० मीटरचे. सहा टप्प्यांचे १५० सेकंद, आणि मला जास्त लागले १४६.

फोनवर मात्र प्रत्येक टप्पा ३१० मीटरच्या आसपासच दिसतो, म्हणजे तीन टक्के जादा. वेळ गेला साडेसहा टक्क्यांहून जास्त. जीपीएस जमिनीवरची वाट मोजतो. मी पाण्यातून पोहलो ते ३२० मीटर, आणि दरम्यान पाणीच सरकत होतं. ओढ असेल त्या दिवशी फक्त जादा अंतर बघणारा माणूस अर्ध्याहून जास्त तोटा बघतच नाही.

काकांना सांगितलं की मी बोयावरून नजर हलू दिली नाही. ते हसले. "तोच तर घोळ, बाबा. बोयाकडे काय बघतोस? बोयाच्या पाठीमागचं काय सरकतंय ते बघ."

पन्नास वर्षांचा सर्व्हेअर मी. दोन खुंट्या एका रेषेत धरून तिसरी लावणं हा माझा धंदा. पाण्यात उतरल्यावर ते डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

२२ डिसेंबर, रविवार

पाणी सुस्त. परतीच्या टप्प्यात उजवीकडून श्वास घेतला. तिकडे किनारा दिसतो, शिवाय उजवा हात आत जात नाही. वळणं मीटरला ०.३ अंशांवर आलं. वळणं निम्मं म्हणजे वाकडेपण पावपट, आणि मग चाळीस मीटरला एकदा बघूनही चालतं. जमेल तेवढं करायचं, लाटा उजवीकडून आल्या की नाकातोंडात पाणी जातं.

२९ डिसेंबर, रविवार, मिरामार

उद्या अमावस्या. नारळाला वीस मीटर जायला ११० सेकंद, दिशा तीच.

मागच्या खुणा होडीतूनच ठरवल्या. दक्षिणेच्या बोयामागे राजभवनाच्या टेकडीची एक खाच. उत्तरेच्या बोयामागे मांडवीपलीकडच्या उतारावरचं पांढरं घर. बोया आणि खूण एकावर एक आहेत तोवर आपण रेषेवर आहोत. खूण बोयाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला सरकलेली दिसली की आपण किनाऱ्याकडे वाहवलो. मग खूण ज्या बाजूला सरकली आहे, त्याच्या उलट बाजूला तोंड वळवायचं आणि दोन्ही परत एकावर एक येईपर्यंत तसंच राहायचं. पहिल्याच टप्प्यात हे उलटं केलं आणि चाळीस मीटर भलतीकडे गेलो. तो टप्पा धरला नाही.

सुरुवातीला विचित्र वाटतं. या ओढीला तोंड बोयापासून तेरा अंश समुद्राकडे ठेवावं लागतं. म्हणजे ३०० मीटरवरच्या बोयाकडे जाताना त्याच्या ७० मीटर बाहेरच्या मोकळ्या पाण्याकडे बघून पोहायचं. मन म्हणतं चुकतोयस. खूण म्हणते बरोबर.

भरतीचा जोर बदलत असतो आणि जाणं-येणंही सारखं नसतं, म्हणून चार टप्पे असे लावले: जाताना बोयाकडे बघून, येताना खुणेवर, पुन्हा जाताना खुणेवर, येताना बोयाकडे बघून. वेळा ७:०२, ६:५१, ६:५०, ७:००. टप्प्याला दहा-अकरा सेकंद. कागदावर दहा येतात.

सहा टप्प्यांना मिनिटभर झालं, तेही एकही हात जास्त जोराने न मारता. तीस हातांच्या शिस्तीने दिले त्याच्या जवळजवळ दुप्पट. अट एकच, मागे उंच काहीतरी दिसायला हवं. आज आठनंतर धुरकट झालं आणि पांढरं घर दिसेना, तेव्हा चौथ्या टप्प्यावर थांबलो.

भाच्याला आता स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक बोयामागच्या खुणा होडीतून उतरवून घ्यायच्या आहेत. काका म्हणाले येईन, पण पेट्रोल तुमचं. दक्षिणेच्या बोयाची दोरी गोणीजवळ झिजली आहे, पुढच्या रविवारच्या आत बदलायला हवी.